शेवटचं ‘नाही’

पुरस्काराचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर धने वाळत घालत होते. फोनवरच्या गृहस्थांनी अभिनंदन केलं आणि लगेच सांगितलं, "ताई, मनोगताला दोन मिनिटं. नऊ जणांचा सत्कार आहे, त्यामुळे वेळ पाळा." पुढे म्हणाले, "सगळ्यांच्या भाषणांचे छोटे व्हिडिओ करून आम्ही टाकणार आहोत, तेवढीच तुमची जाहिरात होईल." मी हो म्हणाले. त्या शेवटच्या वाक्याचा किती विचार करायला हवा होता, ते मला दोन महिन्यांनी कळलं.

मी लातूरला राहते आणि घरी येसर करून विकते. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: येसर हा भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा एकत्र दळलेला जिन्नस. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, तीळ, खोबरं, मिरची, दगडफूल आणि थोडा गरम मसाला. आमच्याकडे लग्नकार्यात येसराची आमटी असतेच. मसाल्याचं सामान गंजगोलाईच्या बाजारातून आणते, भाजणं घरीच होतं. पुड्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तालुक्यातल्या व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने घरगुती उद्योगासाठी मला निवडलं होतं.

भाषण लिहायला बसले तर पहिल्या कागदावर नुसती नावंच आली. मान्यवर, पाहुणे, गिरणीवाले मामा, बचत गटातल्या बाया, माहेरचे, सासरचे. तेवीस नावं झाली. मोबाईलवर वेळ लावून वाचलं तर चार मिनिटं वीस सेकंद, आणि येसराबद्दल त्यात एकच वाक्य. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "नावं कशाला घेतीस एवढी? लोकायला येसर कसा करतेत ते सांग."

माझ्या बहिणीचा मुलगा लग्नाचे व्हिडिओ शूट करतो आणि कापून जोडतोही. संध्याकाळी तो आला. त्याने कागद बघितला आणि एक प्रश्न विचारला, "मावशी, यातला कोणता तुकडा एकटा उभा राहतो?" मला आधी समजलंच नाही. मग त्याने समजावून सांगितलं. सभागृहात बसलेला माणूस भाषण सुरुवातीपासून ऐकतो. मोबाईलवर बघणारा माणूस मधूनच येतो. आधीचं वाक्य त्याने ऐकलेलं नसतं आणि पुढचं ऐकायला तो थांबेलच असं नसतं. म्हणून दोन मिनिटांचे तीन तुकडे पाडायचे, प्रत्येक पंचवीस-तीस सेकंदांचा, आणि प्रत्येकात गोष्ट सुरू होऊन तिथेच संपायची. मान्यवरांचा उल्लेख अगदी सुरुवातीला दहा सेकंदांत, आभार अगदी शेवटी. ते दोन्ही सभागृहासाठी, क्लिपमध्ये जाणार नाहीत.

त्याने माझा वेगही मोजला. सावकाश बोलले की मिनिटाला साधारण एकशे दहा शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटांत दोनशे वीस, त्यातून टाळ्यांचा वेळ वजा. मी एकशे ऐंशी शब्दांवर थांबायचं ठरवलं.

दुसरी गोष्ट त्याने शिकवली ती मला फार पटली. मी लिहिलं होतं, "ते वेगळं भाजावं लागतं, नाहीतर त्याला चिकटपणा येतो." तो म्हणाला, "ते म्हणजे काय, आणि त्याला म्हणजे कशाला?" समोर बसलेल्यांना माहीत असतं, क्लिप बघणाऱ्याला नसतं. मग आम्ही पेन्सिल घेऊन सगळे ‘ते’, ‘त्याचं’, ‘यामुळे’ शोधले आणि जिथे जिथे होते तिथे ‘येसर’ किंवा ‘गहू’ असा नावाचा शब्द घातला. वाचताना ते जरा जड वाटतं. बोलताना मात्र वाटत नाही, हे मी मोठ्याने म्हणून पाहिलं.

शेवटी मधला मजकूर असा तयार झाला.

"येसर म्हणजे मराठवाड्याच्या लग्नातली आमटी. माझ्या सासूबाई येसराचा प्रत्येक जिन्नस वेगळा भाजतात. गहू आणि डाळ एकाच कढईत टाकले तर डाळ करपते आणि गहू कच्चा राहतो. कच्च्या गव्हाचा येसर आमटीत चिकट होतो. सासूबाईंच्या हाताला हे कळतं, मला शिकायला दोन वर्षं लागली.

"पाच वर्षांपूर्वी मी येसराचे पहिले दहा पुडे विकले आणि दहाही परत आले. पिशवी पातळ होती, पावसाळ्यात येसराला दमट वास लागला. मी दहाही घरी जाऊन पैसे परत दिले. त्यातल्या सात जणी आजही येसर माझ्याकडूनच घेतात.

"येसराची आमटी खाऊन माझी साखर कमी झाली, असं एक ताई मला सांगत होत्या. मी म्हणाले, ताई, तसं काही नसतं. हा मसाला आहे, तुमची गोळी बंद करू नका. चार पुडे कमी खपले तरी चालतील, पण खोटं सांगून विकायचं नाही."

तिसरा भाग भाच्याला सगळ्यात आवडला. मलाही. माझ्या धंद्याबद्दल मला जे खरोखर वाटतं ते त्यात होतं.

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. उंच छत, फरशी, भिंतीला काही नाही, त्यामुळे आवाज नुसता घुमत होता. भाच्याने सांगून ठेवलं होतं की मागून मोबाईलवर घेतलेला आवाज कामाचा नसतो, त्यात बोलण्यापेक्षा घुमणंच जास्त येतं. म्हणून त्याने मला वायरचा छोटा कॉलर माईक दिला होता. तो माझ्या मोबाईलला जोडून मोबाईल कमरेच्या बटव्यात ठेवला आणि ध्वनिमुद्रण सुरू करून तीन टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी पहिल्या रांगेच्या कडेला उभी राहून दुसऱ्या मोबाईलवर व्हिडिओ घेत होती. टाळ्या दोन्हीकडे ऐकू येतात, त्यामुळे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात.

मुलीने मोबाईल उभा धरला होता, तेही सांगून. आयोजकांचा कॅमेरा आडवा होता. आडव्या चित्रातून मोबाईलसाठी उभी चौकट कापली की रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. आयोजकांच्या व्हिडिओत माझा अर्धा चेहरा आणि शेजारी बसलेल्या पाहुण्यांचा फेटा एवढंच मावत होतं.

माईकची एक चूक मात्र झालीच. मी पैठणी नेसले होते आणि माईक डाव्या बाजूला, पदराखाली टोचला होता. मान वळवली की पदराचा जरीकाठ माईकवर घासायचा. घरी येऊन ऐकलं तर पहिल्या भागात पाच-सहा सेकंद नुसतं खर्रखर्र. तेवढ्यापुरता मुलीच्या मोबाईलमधला आवाज घ्यावा लागला आणि तो बदल कानाला कळतो. पदर डाव्या खांद्यावर असतो, तेव्हा माईक उजव्या बाजूला ब्लाउजच्या काठाला लावायचा, हे कोणत्याही बाईला सुचायला हवं, पण त्या गडबडीत सुचलं नाही. काचेच्या बांगड्या मात्र आधीच काढून बटव्यात टाकल्या होत्या. त्या पोडियमच्या लाकडावर वाजतात.

बोलताना एकच गोष्ट कठीण गेली. भाच्याने बजावलं होतं की एक भाग संपला की मनात एक, दोन, तीन म्हणून थांबायचं आणि टाळ्या आल्या तर त्या पूर्ण विरू द्यायच्या. तीन सेकंद गप्प उभं राहणं फार लांब वाटतं. वाटतं, लोकांना वाटेल की ही विसरली. पण दहा पुडे परत आल्याचं सांगितलं तेव्हा टाळ्या आल्या, मी थांबले, आणि म्हणूनच तिसऱ्या भागाचं पहिलं वाक्य स्वच्छ आलं. सगळं मिळून दोन मिनिटं आठ सेकंद झाली.

घरी भाच्याने दोन क्लिप केल्या, भाजण्याची एक आणि परत आलेल्या पुड्यांची एक. खाली अक्षरं आपोआप उमटवण्याची सोय असते ती त्याने वापरली, तर यंत्राने सगळीकडे ‘येसर’चं ‘केसर’ केलं. "केसर म्हणजे मराठवाड्याच्या लग्नातली आमटी." आम्ही एकेक ओळ हाताने दुरुस्त केली. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यांच्यासाठी खालची अक्षरं म्हणजेच भाषण, म्हणून या कामाला दिलेला तास मला वाया गेला असं वाटत नाही. तिसऱ्या भागाची क्लिप पुढच्या आठवड्यात करू म्हणून ठेवून दिली.

ती आमच्या आधी दुसऱ्याने केली.

आयोजकांनी व्हिडिओचं काम एका मुलाकडे दिलं होतं. नऊ भाषणांच्या क्लिप त्याला एका रात्रीत काढायच्या होत्या. त्याने माझी जी काढली ती सतरा सेकंदांची होती. पहिल्या भागातलं "येसर म्हणजे मराठवाड्याच्या लग्नातली आमटी", त्याला लागून तिसऱ्या भागातलं "येसराची आमटी खाऊन माझी साखर कमी झाली", मग टाळ्या, मग माझ्या पुड्याचा फोटो आणि माझा फोन नंबर.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझे हातपाय गार पडले. आवाज माझा, चेहरा माझा, शब्द माझेच. एकही शब्द त्या मुलाने बदललेला नव्हता. फक्त "असं एक ताई मला सांगत होत्या" हे कापलं गेलं आणि "तसं काही नसतं" हे कापलं गेलं. उरलं ते असं, की मीच मधुमेहाची रुग्ण, आणि मला माझ्याच येसराने गुण आला.

दोन दिवसांत अकरा फोन आले. बहुतेकांना भाव विचारायचा होता. त्यांना मी समजावून सांगितलं की क्लिप अर्धवट आहे. आठवा का नववा फोन औशाजवळच्या एका गावातून होता, वयस्कर आवाज. त्यांनी विचारलं, "बाई, दिवसाला किती चमचे घ्यायचा? आन् गोळी लगेच सोडायची का हळूहळू?"

मी खुर्चीवर बसले. त्यांना म्हणाले, "काका, गोळी सोडू नका. हा आमटीचा मसाला आहे. त्यात गहू-ज्वारी आहे, साखरेवरचं औषध त्यात काहीही नाही." ते म्हणाले, "पण तुम्हीच सांगितलं ना." मी तेच पुन्हा तीनदा सांगितलं. नंतर त्यांच्या मुलाचा नंबर मागून घेतला, त्यालाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत फोन केला. गोळी चालू होती. त्या रात्री मला झोप आली नव्हती.

कायद्याची बाजूही होती. खाण्याचा पदार्थ एखादा रोग बरा करतो, कमी करतो, असा दावा जाहिरातीत करायला अन्न सुरक्षेच्या 2018 च्या नियमांत मनाई आहे, आणि 2006 च्या कायद्याच्या कलम 53 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. नोंदणी करताना हे मी वाचलं होतं. माझा पुडा आणि माझा नंबर दाखवणारी क्लिप ही बघणाऱ्याच्या दृष्टीने माझीच जाहिरात. ती मी कापली नाही, हे मी कुणाकुणाला सांगत बसणार होते?

आयोजकांना सकाळीच फोन केला. ते रागावले नाहीत, पण "ताई, लोकांना आवडलीय, चांगली चाललीय" असं म्हणाले. मी औशाच्या काकांचं सांगितलं. तेव्हा ते गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत क्लिप काढून टाकली. तोपर्यंत ती व्हॉट्सअॅपच्या गटांत गेली होती, तिथून ती सगळीकडून काढणं आमच्या हातात नव्हतं. म्हणून आम्ही त्याच दिवशी मूळ ध्वनिमुद्रणातून तिसरा भाग पूर्ण, न कापता, अडतीस सेकंदांचा काढला. त्याच्या सुरुवातीला मी घरात उभी राहून बोललेलं एक वाक्य जोडलं: "माझी जी क्लिप फिरते आहे ती अर्धी आहे, पूर्ण बोलणं हे." ज्या ज्या गटात जुनी क्लिप दिसली तिथे ही टाकली. चुकीची क्लिप जितकी फिरली तितकी ही फिरली नाही.

राग त्या मुलावर काढणं सोपं होतं. पण दोन-तीन दिवसांनी भाचा आणि मी तो तिसरा भाग पुन्हा घेऊन बसलो, तेव्हा दिसलं की कापायची जागा मीच करून दिली होती.

मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. ‘असं लोक म्हणतात’ हेही शेवटी येतं. आपण आधी दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं बोलतो, अगदी ‘माझी साखर’ असं त्याच्याच तोंडाने, आणि मग सांगतो की हे कोण म्हणालं. समोरासमोर बोलताना यात काहीच अडत नाही, उलट बोलण्याला रंग येतो. पण कापणाऱ्याचा हात ठसठशीत शब्दानंतर पडतो, आणि ठसठशीत शब्द ‘साखर कमी झाली’ हे असतात. पुढचं ‘असं एक ताई म्हणाल्या’ त्याला शेपूट वाटतं. ज्या शब्दावर सगळा अर्थ उभा असतो, तोच आपल्या भाषेत टोकाला लोंबत असतो.

मग आम्ही तो भाग नव्याने लिहिला. आधी मी लिहिलं, "मी येसराला औषध म्हणत नाही." भाच्याने शेवटचा शब्द बोटाने झाकला. "मी येसराला औषध म्हणत." तोच खड्डा. दुसरा प्रयत्न, "येसर औषध नाही, मसाला आहे." हा बरा, पण "येसर औषध" इथेच कुणी थांबवलं तर? शेवटी नकारच काढून टाकला. "येसर हा मसाला आहे. औषध डॉक्टरांकडे मिळतं." पहिलं वाक्य एकटं घेतलं तरी खरं, दुसरं एकटं घेतलं तरी खरं. त्या ताईंची गोष्ट मी काढूनच टाकली. चांगली होती, पण दुसऱ्याच्या तोंडचा रोगाचा शब्द आता मी माईकवर उच्चारत नाही.

असंच बाकीचंही तपासलं. पूर्वी मी सगळीकडे सांगायचे, "आम्ही येसरात रंग घालत नाही." आता म्हणते, "येसराला रंग येतो तो ब्याडगी मिरचीचा." ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि मिरची कोणती तेही कळतं. सगळीच वाक्यं अशी उलटवता येत नाहीत. पैसे परत दिल्याच्या गोष्टीत "दहाही परत आले" इथे कापलं तर माझा माल वाईट एवढंच उरतं. ते मी तसंच ठेवलंय, कारण ते खरं आहे आणि त्यापायी कुणाची गोळी सुटत नाही. जिथे माणसाचं नुकसान होऊ शकतं तेवढी वाक्यं आधी बघायची, असं मी ठरवलंय.

आणखी एक बदल केला. आता कुठे बोलायला बोलावलं की आधीच विचारते, क्लिप कोण करणार आणि टाकण्याआधी मला दाखवणार का. बहुतेक जण हो म्हणतात. जे टाळाटाळ करतात त्यांना मी आमच्याच दोन तयार क्लिप पाठवते आणि सांगते, या वापरा. रात्रभर जागून नऊ भाषणं कापणाऱ्या पोराला तयार क्लिप मिळाली तर तो ती आनंदाने घेतो.

पुढच्या महिन्यात उदगीरला बचत गटांच्या मेळाव्यात बोलायचं आहे, तीन मिनिटं. संध्याकाळी भाजणं झालं की आत्याबाई पलंगावर बसतात आणि मी समोर उभी राहून म्हणते. त्यांना क्लिप म्हणजे काय ते नीट माहीत नाही, पण खेळ त्यांना कळलाय. वाक्याच्या मध्येच, मनाला येईल तिथे त्या हात वर करतात. मी जिथल्या तिथे थांबते. मग त्या सांगतात, त्यांना काय समजलं. काल मी म्हणत होते, "उन्हाळ्यात दळलेला येसर वर्षभर..." आणि हात वर झाला.

"वर्षभर काय?" मी विचारलं.

"टिकतो, दुसरं काय," त्या म्हणाल्या. "पर पावसाळ्यात डबा उघडा ठिवला तर न्हाई टिकत. ते आदी सांग."

मी कागदावर वाक्य फिरवलं: "डबा घट्ट लावला की येसर वर्षभर टिकतो." त्यांनी परत म्हणायला लावलं, आणि या वेळी ‘घट्ट’पाशी हात वर केला.